गोव्याहून आणलेला काळा विंचू नवव्या दिवशी का फुगला?

माझं मेडिकल आहे, आणि दर वर्षी नाताळची सुट्टी संपली की जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी लहान पोराचा हात धरून काउंटरवर येतं आणि विचारतं, "ताई, टॅटू काढला होता, आता तिथेच फोड आलेत, काहीतरी क्रीम द्या ना." दोन वर्षांपूर्वी तो हात माझ्याच भाचीचा होता. सातवीत होती तेव्हा. गोव्याला बीचवर एका टेबलावर अल्बम मांडून बसलेल्या माणसाकडून तिने मनगटाच्या वर विंचू काढून घेतला, काळाभोर, "मेंदीच आहे, नॅचरल आहे, पंधरा दिवसांत जाते" असं सांगून त्याने काढला, आणि बहिणीला वाटलं मेंदीच तर आहे, आपल्या नागपंचमीला नाही का लावत.

आठ दिवस काही नाही. शाळेत सगळ्यांना दाखवून झालं. नवव्या दिवशी रात्री खाज सुटली, सकाळी विंचू वर आला होता. म्हणजे अक्षरशः वर, नांगी, पाय, सगळं लग्नपत्रिकेवरच्या उठावाच्या अक्षरांसारखं कातडीवर उचललेलं. अकराव्या दिवशी त्या रेषांवर पाण्याचे बारीक फोड, काही एकमेकांत मिसळून मोठे झालेले. बहीण म्हणाली, "अगं पण आता आठवडा उलटून गेला, मेंदीचं काय असणार, काहीतरी चावलं असेल." सगळ्यांचा घोळ नेमका इथेच होतो म्हणून हे नीट लिहितेय.

काळी मेंदी नावाचं झाडच नाही

मेंदीच्या पानात रंग देणारा जो पदार्थ असतो त्याला लॉसोन म्हणतात. तो कातडीला लागला की आधी केशरी रंग येतो, मग एक-दोन दिवसांत गडद होत होत तपकिरी किंवा मरून होतो. तळव्यावर सगळ्यात गडद, दंडावर किंवा पाठीवर फिक्का, कारण तळव्याची कातडी जाड असते. तुम्ही रात्रभर ठेवा, लिंबू-साखर लावा, लवंगांची धुरी घ्या, मरूनच्या पुढे फार तर काळपट चॉकलेटी होईल. मनगटावर तासाभरात कोळशासारखा काळा रंग मेंदीच्या पानातून येत नाही.

मग तो काळा येतो कुठून? केसांच्या डायमधून. पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचं केमिकल आहे, यापुढे मी त्याला पीपीडी म्हणते. केस काळे करणाऱ्या बहुतेक पक्क्या डायमध्ये ते किंवा त्याचे भाऊबंद असतात. डब्यात ते रंगहीन किंवा फिकट असतं, हवेतला ऑक्सिजन नाहीतर डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड लागलं की काळं पडतं. स्वस्त आहे, लवकर चढतं, पक्कं बसतं, म्हणून टॅटूवाले ते मेंदीत मिसळतात किंवा मेंदी नावालाही न घालता नुसती डायची पावडर पाण्यात कालवतात.

आणि आपल्याकडे तर नावाचाच गोंधळ आहे. माझ्या काउंटरवर दहा-पंधरा रुपयांच्या ज्या पुड्या लटकतात, वाटीत पाणी घालून मिशीला-केसांना लावायच्या, त्यांना गिऱ्हाईक "काळी मेहंदी द्या" असंच म्हणतं. त्यातल्या बऱ्याच पुड्यांवर बारीक अक्षरात हेच पीपीडी लिहिलेलं असतं. म्हणजे बाबांच्या मिशीची पुडी आणि पोरीच्या मनगटावरचा विंचू ही एकाच घरातली मंडळी.

पण मग आठ दिवस काहीच का झालं नाही?

ॲसिड सांडलं तर लगेच भाजतं, मिरची लागली तर लगेच आग होते. इथे तसं नाही, इथे पीपीडी कातडीला भाजत नाहीये, तुमच्याच शरीराची सुरक्षा व्यवस्था त्याच्यावर तुटून पडतेय, आणि तिला तयारीला वेळ लागतो.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यापुढे आणा. पीपीडीचा कण इतका बारीक आहे की एकटा असला तर वॉचमनला दिसतच नाही. पण शेतातून चालताना कुसळं कशी धोतराला चिकटतात तसा तो कातडीतल्या प्रोटीनला चिकटतो, आणि मग ते प्रोटीन वॉचमनला ओळखीचं वाटत नाही, "हे आपल्या सोसायटीतलं नाही" असं त्याला वाटतं. कातडीत अशा पहारेकरी पेशी असतात. त्या हा चिकटलेला तुकडा उचलून जवळच्या लिम्फ गाठीत नेतात, दंडावर लागलं असेल तर काखेतल्या गाठीत. तिथे टी पेशी नावाच्या शिपायांना तो दाखवला जातो, ज्यांना तो ओळखता येतो त्यांची भराभर संख्या वाढते आणि ते रक्तातून कातडीकडे परत निघतात. या सगळ्याला साधारण दहा ते चौदा दिवस, कधी आठवडाभरच लागतो.

आता टॅटू तर अजून हातावर आहेच ना. बाकी ॲलर्जीत पहिल्यांदा लागलेली वस्तू निघून जाते, शिपाई तयार होतात पण समोर कोणी नसतं, म्हणून पहिल्या वेळी काहीच कळत नाही. काळ्या टॅटूत मात्र शिपाई तयार होऊन बाहेर येतात तेव्हा शत्रू त्याच जागी, त्याच नक्षीत बसलेला असतो. म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी फोड, आणि फोड अगदी विंचवाच्याच आकारात. याला डॉक्टर उशिराची ॲलर्जी म्हणतात.

ज्याला आधीच ॲलर्जी झालेली आहे, समजा दोन वर्षांपूर्वी असाच टॅटू काढला होता, त्याचे शिपाई तयारच असतात. त्याला दुसऱ्या वेळी आठवडा लागत नाही, एक ते तीन दिवसांत फुगतं, आणि आधीपेक्षा जोरात. त्यामुळे कोणी म्हटलं की "दुसऱ्याच दिवशी झालं" तर मी लगेच विचारते, आधी कधी काढला होता का, किंवा केसांना डाय लावता का.

हे इन्फेक्शन नाही कशावरून?

बहिणीला वाटलं सुई लागली असेल, घाण पाणी असेल. पण या टॅटूत सुई नसतेच, वरून कोनने काढतात. आणि इन्फेक्शनला नक्षी कळत नाही, ते वेडंवाकडं पसरतं, दुखतं, पू होतो, गरम लागतं, कधी ताप येतो. ॲलर्जीत मुख्य तक्रार खाजेची असते, दुखण्याची कमी, आणि रेषा जिथे संपते तिथे सूजही जवळपास संपते. भाचीच्या विंचवाच्या दोन पायांच्या मधली कातडी पहिल्या दिवशी अगदी स्वच्छ होती, बोटाने चाचपलं तर उंचवटा आणि सपाट असा फरक स्पष्ट लागत होता. फार चिघळलं तर लाली आजूबाजूला पसरते, आणि खाजवून फोड फुटले तर वरून इन्फेक्शन होऊ शकतं, पण सुरुवात त्याने नसते.

म्हणूनच इथे एक चूक सर्रास होते. मेडिकलमधून लोक पांढरी ट्यूब घेऊन जातात, खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यावर चालणारी, ज्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये निओमायसिन असतं, आणि निओमायसिन स्वतः कातडीच्या ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहे. आधीच चिडलेल्या कातडीवर ते चोळायचं म्हणजे दुसऱ्या ॲलर्जीला वाट करून द्यायची. मी ती ट्यूब या कारणासाठी मागितली तर देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

भाचीचं पुढे काय झालं

त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी हात पाहिला, तारखा विचारल्या, आणि दोन मिनिटांत सांगितलं की काळ्या मेंदीचं आहे. साध्या पाण्याने धुवून थंड ओल्या कापडाच्या घड्या, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. फोड फोडायचे नाहीत. एक जोरदार स्टिरॉइड क्रीम, फक्त विंचवावर, दोन वेळा, ठरलेले दिवस आणि मग बंद, चेहऱ्याला वगैरे नाही. रात्री झोप लागावी म्हणून खाजेची गोळी. सूज फार मोठी असती किंवा हात पूर्ण फुगला असता तर पोटातून स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला असता असं त्या म्हणाल्या. हळद, टूथपेस्ट, लिंबू हे काहीही लावू नका हेही सांगितलं, कारण आईने तोवर हळद लावून पाहिलीच होती.

चार-पाच दिवसांत फोड बसले, दोन आठवड्यांत खपली गेली, आणि मग खाली निघाला तो पांढरा विंचू. कातडीत एवढी मारामारी झाली की रंग बनवणाऱ्या पेशी तिथे थंडावल्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर हे फार उठून दिसतं. भाचीचा डाग सात-आठ महिने होता, लांब बाह्या घालून शाळेत जायची. काहींचा वर्षभर राहतो, काहींचा कायमचा राहतो, आणि काहींना त्या जागी जाड व्रण येतो. उन्हात आजूबाजूची कातडी काळवंडली की डाग आणखी दिसतो, म्हणून तिथे सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं.

आता डाग गेला, मग विषय संपला ना?

नाही, आणि खरं तर या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. फोड बरे होतात पण टी पेशींची आठवण राहते, बहुतेकांना जन्मभर. म्हणजे आज सातवीतल्या मुलीच्या हातावर आठ दिवस काळा विंचू होता, त्याची किंमत ती पंचविसाव्या वर्षी लग्नाआधी किंवा पस्तिसाव्या वर्षी पहिला पांढरा केस दिसला तेव्हा मोजते. पार्लरमध्ये पक्का डाय लावला की दुसऱ्या दिवशी टाळू, कान, मान आणि पापण्या सुजतात. पापण्यांची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून डाय केसांना लावलेला असला तरी डोळे मिटतील इतकी सूज तिथे येते. लोकांना वाटतं डोळ्यांना काहीतरी झालं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात.

आणि पीपीडीचे भाऊबंद आहेत. त्याच्यासारखा आकार असलेल्या दुसऱ्या पदार्थांनाही हेच शिपाई पकडतात, कारण वॉचमनकडे फोटो अंधुक आहे, मिळताजुळता चेहरा दिसला तरी शिट्टी वाजते. डायमधला टोल्युइन-डायअमीन हा सगळ्यात जवळचा, तोंडातल्या जखमेच्या आणि मूळव्याधीच्या काही मलमांत असतो तो बेन्झोकेन, गडद काळ्या-निळ्या सिंथेटिक कपड्यांतले काही रंग, काळ्या रबरातले काही पदार्थ. सगळ्यांना सगळ्याचा त्रास होईल असं नाही, पण डेंटिस्टला आणि डॉक्टरला आधीच सांगून ठेवावं. दात काढताना लिडोकेनचं इंजेक्शन देतात ते वेगळ्या घराण्यातलं आहे, त्याची या कारणाने भीती नाही.

"आमच्या घरी तर सगळे डाय लावतात, कोणालाच काही होत नाही"

खरंय, लाखो लोक वर्षानुवर्षं लावतात. फरक प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. युरोपात केसांना लावताना तयार मिश्रणात पीपीडी 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि कातडीवर टॅटू म्हणून तर अजिबातच चालत नाही. अमेरिकेतही कातडीवर त्याला परवानगी नाही. तिथे खऱ्या मेंदीलासुद्धा रंग म्हणून मान्यता फक्त केसांसाठी आहे. उलट यूएईत 2010 मध्ये बाजारातली काळी मेंदी तपासली तेव्हा काही नमुन्यांत ते 29 टक्क्यांपर्यंत सापडलं. ठेल्यावरचा माणूस वजनकाटा घेऊन बसत नाही, काळा चढेपर्यंत पुडी टाकत राहतो.

शिवाय डाय केसांवर अर्धा तास राहतो, पेरॉक्साइडबरोबर त्यातलं बरंचसं पीपीडी मोठ्या रंगकणांत बदलतं, मग तो धुतला जातो. टॅटूत पेरॉक्साइड बहुतेक नसतंच, सुटं पीपीडी पातळ कातडीवर तासन्‌तास बसतं, वर "दोन तास पाणी लावू नका" असंही सांगतात. सुटा कण आत शिरतो, मोठा झालेला शिरत नाही. एवढाच सगळा खेळ आहे. तरीसुद्धा डाय लावणाऱ्यांनाही ही ॲलर्जी होते, दहा वर्षं लावून अकराव्या वर्षी होते. अमेरिकेतल्या कातडीच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने 2006 साली पीपीडीला त्या वर्षीचा ॲलर्जन म्हणून निवडलं होतं, त्यामुळे हे काही विरळ प्रकरण नाही.

"अमोनिया-फ्री घेते, हर्बल घेते, मग चालेल ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. अमोनिया आणि पीपीडी यांचा एकमेकांशी संबंध नाही. अमोनियाने नाकात वास जातो आणि केसांचे खवले उघडतात, रंग देतं पीपीडी. अमोनिया काढला तरी ते आत असतंच. आणि पुड्यावर पान, फूल, आवळा छापलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा: फेनिलीनडायअमीन, डायअमिनोबेन्झीन, टोल्युइन-डायअमीन असं काही दिसलं तर ज्याला एकदा फोड आले त्याच्यासाठी ते नाहीच. वीस मिनिटांत केस काळेभोर करणारं आणि महिनाभर टिकणारं असेल तर यातलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी.

"आधी कानामागे लावून पाहिलं तर?"

पाकिटावर लिहिलेलं असतं की कोपराच्या आत किंवा कानामागे थेंब लावून 24 तास थांबा. डाय लावणाऱ्याने ते जरूर करावं, पण 24 तासांत काही दिसलं नाही म्हणजे पास असं नाही, ही ॲलर्जी तिसऱ्या दिवशीही येते, म्हणून मी लोकांना तीन दिवस थांबायला सांगते. ज्याला ॲलर्जी अजून झालेलीच नाही त्याला ही टेस्ट काहीच सांगू शकत नाही, बीचवरच्या पहिल्या टॅटूच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे.

आणि ज्याला काळ्या टॅटूने फोड आलेत त्याने घरी ही टेस्ट अजिबात करू नये. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात, व्हॅसलिनसारख्या मलमात 1 टक्का पीपीडी घालून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, पुन्हा चौथ्या-पाचव्या दिवशी पाहतात. टॅटूवाल्या पेशंटला एवढ्यानेही पाठीवर मोठा फोड येऊ शकतो, म्हणून ते आणखी पातळ आणि कमी वेळ लावतात. भाचीची टेस्ट सगळं शांत झाल्यावर केली, पॉझिटिव्ह आली. तिच्या फाइलला आणि आईच्या पर्समध्ये आता एक कागद आहे, त्यावर पीपीडीची इंग्रजी नावं लिहिलेली आहेत, पार्लरमध्ये दाखवायला.

मग ओळखायचं कसं?

भिजवलेली खरी मेंदीसुद्धा कोनमध्ये गडद हिरवी-तपकिरी दिसते, त्यामुळे नुसत्या लगद्याच्या रंगावर जाऊ नका. वास घ्या: खऱ्या मेंदीला ओल्या गवतासारखा, नाहीतर निलगिरीच्या तेलाचा वास येतो, काळ्याला एकतर वास नसतो किंवा डायचा उग्र वास असतो. मग विचारा किती वेळ ठेवायचं. "अर्धा-एक तास, लगेच काळं" असं उत्तर आलं तर उठा. खरी मेंदी निदान चार-सहा तास मागते आणि काढल्यावर केशरी दिसते. ज्याला लगेच काळं हवंय त्याला ती आवडत नाही, म्हणूनच तर हा धंदा चालतो.

टॅटू काढून झालाय आणि आता शंका येतेय? साबण-पाण्याने हळू धुवा, रंग पूर्ण जाणार नाही पण वर राहिलेलं निघेल, घासून कातडी सोलू नका. फोटो काढून तारीख लिहून ठेवा आणि दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. खाज सुरू झाली की फोडांची वाट न बघता डॉक्टरकडे जा. चेहरा किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला तर सरळ हॉस्पिटल.

आणि घरची मेंदी?

भाचीने हे गेल्या श्रावणात विचारलं, रडवेली होऊन, की आता नागपंचमीला सगळ्या मैत्रिणी लावणार आणि मी नाही का. डॉक्टरांना विचारलं. लॉसोनची ॲलर्जी फार क्वचित असते आणि त्याची पीपीडीशी नातेवाईकी नाही, शुद्ध पानं असतील तर हरकत नाही म्हणाल्या. फक्त तान्ह्या बाळांना लावू नका, काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी मेंदीने फुटू शकतात.

बाजारचा कोन आणला नाही. तयार कोनमध्ये लवकर रंगावा म्हणून काय घातलंय याची खात्री कोण देणार. शेजारच्या काकूंच्या अंगणातली पानं आणली, पाट्यावर वाटली, आधी तळव्यावर एक ठिपका लावून तीन दिवस थांबलो. मग रात्री दोन्ही हात भरले. सकाळी खरवडली तेव्हा गाजरासारखी केशरी होती, ती नाराज झाली, "बघ, रंगलीच नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आली आणि दारातूनच दोन्ही तळवे समोर धरले, मरून.